दुसऱ्या वर्षातली पहिली इंटर्नशिप : सोलापुरातल्या सहा महिन्यांची नोंद

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात इंटर्नशिप शोधायला घेतली तेव्हा हाती फारसं काही नव्हतं. तिसरं सेमिस्टर नुकतंच संपलेलं. डेटा स्ट्रक्चर्स आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकून झालेलं, डेटाबेस पुढच्या सेमिस्टरला येणार. अनुभवाच्या रकान्यात शून्य. डिसेंबर ते जून या काळात काय काय केलं, काय चुकलं आणि नेमकं कशामुळे काम झालं, ते क्रमाने लिहिते आहे. पुढच्या बॅचच्या मुलामुलींना निदान कुठून सुरुवात करायची ते कळावं.

डिसेंबर : पहिला रेझ्युमे

परीक्षा संपल्यावर दोन दिवसांत रेझ्युमे केला. दोन पानं भरली होती. वर फोटो, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद, आणि शेवटी "वरील माहिती खरी आहे" असं प्रतिज्ञापत्र. मध्ये सात ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं आणि कौशल्यांच्या यादीत चौदा नावं. आपल्याकडे लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा रेझ्युमे यांत फार फरक करत नाहीत, तसाच तो झाला होता.

शेवटच्या वर्षातल्या एका दादांना दाखवला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एवढंच विचारलं, "यातल्या कुठल्या ओळीवर मी तुला दहा मिनिटं प्रश्न विचारू?" सगळी सर्टिफिकेटं त्यांनी खोडली, कारण त्यांवर विचारण्यासारखं काही नव्हतं. व्हिडिओ बघून सर्टिफिकेट मिळतं हे कामावर घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. चौदा कौशल्यांपैकी चार उरली. "टूडू लिस्ट" आणि "कॅल्क्युलेटर" हे दोन प्रकल्पही गेले, कारण ते वर्गातल्या प्रत्येकाकडे असतात आणि त्यात आपण स्वतः काय ठरवलं ते दिसत नाही.

पान जवळपास कोरं झालं. त्या दिवशी बरं वाटलं नाही, हे खरं. पण तो प्रश्न पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडला. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फार काही येत नाही हे समोरच्याला माहीत असतंच. जे लिहिलंय ते त्याने स्वतः केलंय का आणि त्याला ते कळलंय का, एवढंच तो तपासतो.

जानेवारी : खरी आकडेवारी कुठून आणायची

इंटरनेटवरच्या तयार आकडेवारीवर प्रकल्प करायचा नाही असं ठरवलं. ती आधीच स्वच्छ असते, त्यामुळे अडचणी येत नाहीत. अडचणीच आल्या नाहीत तर मुलाखतीत सांगणार काय? सोलापुरात राहून खरी, गिचमिड आकडेवारी शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे कारखाने आहेत, आणि बहुतेक ठिकाणी मागाचं उत्पादन अजून वहीतच लिहिलं जातं.

गड्ड्याची यात्रा आटोपल्यावरच्या आठवड्यात वर्गमैत्रिणीच्या ओळखीतल्या एका कारखान्यात दोघी गेलो. बारा माग, साध्या विणीचं नॅपकिनचं कापड. मालकांकडे काय मागायचं ते आधी एका कागदावर लिहून नेलं होतं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "तुमच्यासाठी सॉफ्टवेअर बनवून देते" असं म्हटलं की मालक एक तर घाबरतात किंवा भलतीच अपेक्षा धरतात. मी म्हटलं, "काका, तीन आठवड्यांच्या वहीचे फोटो काढू द्या. कुठला माग किती टक्के चालतो याचा तक्ता काढून तुम्हाला देते. तुमचं नाव आणि आकडे बाहेर कुठे दाखवणार नाही." त्यांनी लगेच हो म्हटलं. खर्च सिटी बसचा तेवढा.

आता टक्के कसे काढायचे ते समजून घ्यायला हवं, कारण पुढे मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न यावरच आले. माग मिनिटाला किती वेळा आडवा धागा टाकतो तो त्याचा वेग. कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसतात त्याला पिक म्हणतात. वेग 120 असेल, पाळी 12 तासांची असेल आणि माग एकदाही थांबला नाही, तर 120 गुणिले 60 गुणिले 12 म्हणजे 86,400 धागे पडतील. इंचाला 48 पिक असतील तर 86,400 भागिले 48, म्हणजे 1,800 इंच, म्हणजे 45.72 मीटर कापड. वहीत त्या पाळीला 30 मीटर लिहिलं असेल तर माग साधारण 66 टक्के चालला. बाकीचा वेळ धागा तुटणं, आडव्या धाग्याची कांडी बदलणं, वीज जाणं यात गेला.

वेग कारखान्यात सांगतात तो गृहीत धरू नये. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठोके मोजले. बारापैकी तीन माग सांगितलेल्या वेगापेक्षा हळू चालत होते. पिक मोजायला एक इंचाचं भिंग मिळतं, ते मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरकाकांकडे होतंच. एक बारकावा त्यांनीच सांगितला. मागावर ताणलेलं कापड खाली उतरवलं की थोडं आखडतं आणि इंचाला पिक जास्त भरतात. म्हणून लांबी आणि पिक दोन्ही एकाच अवस्थेत मोजायचे, एक ताणलेलं आणि एक उतरवलेलं असं करायचं नाही.

फेब्रुवारी : टंकलेखन आणि दोन चुका

तीन आठवड्यांतले कामाचे दिवस 18, माग 12, पाळ्या 2. म्हणजे 432 नोंदी असायला हव्या होत्या. वहीत 393 सापडल्या. उरलेल्या 39 जागी रिकामं होतं किंवा नुसती रेघ होती. रेघ म्हणजे माग बंद, आणि रिकामं म्हणजे लिहायचं राहिलं, हे विचारल्यावर कळलं. दोन्हींना शून्य भरलं असतं तर सरासरी खोटी आली असती. माग बंद असेल तिथे शून्य ठेवलं आणि लिहायचं राहिलं असेल तिथे जागा रिकामीच ठेवली. या एका फरकावर मुलाखतीत पाच मिनिटं बोलणं झालं.

टाइप करायला रोज तासभर धरून नऊ दिवस लागले. पहिल्यांदा मागकऱ्यांची नावं मराठीत असलेली सीएसव्ही फाइल मालकांच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उघडली तेव्हा नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसली. फाइल युनिकोडमध्येच होती, पण एक्सेलला ते ओळखू येत नव्हतं. पायथनमधून फाइल लिहिताना `encoding="utf-8-sig"` दिलं की फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेल मराठी नीट दाखवतं. ज्यांच्याकडे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील त्यांना मात्र याचा उपयोग नाही. ती अक्षरं मुळात इंग्रजी कळांचीच असतात, फॉन्ट काढला की निरर्थक इंग्रजी उरतं. ते आधी रूपांतरित करून घ्यावं लागतं.

पहिला तक्ता तयार झाला आणि त्यात आठवडी सुट्टीच्या दिवशी साडेतीनशे मीटर कापड निघालेलं दिसलं. त्या दिवशी कारखाना बंद असतो. आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवसाचं उत्पादन निम्मंच. दोन दिवस कोड उलटसुलट वाचला, चूक सापडेना. शेवटी जॉबरकाकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, रात्रपाळीचा माल सकाळी पावणेआठला मोजतो की! तारीख सकाळची पडते." रात्री आठला सुरू झालेली पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला संपते, मोजणी शेवटी होते, आणि ती शेवटाची तारीखच मी पाळीची तारीख धरत होते. दुरुस्ती एका ओळीची निघाली. दिवसपाळी सकाळी आठला सुरू होते, म्हणून नोंदीच्या वेळेतून आठ तास वजा केले की योग्य तारीख मिळते:

```python
from datetime import timedelta
pali_date = (entry_time - timedelta(hours=8)).date()
```

सकाळी 7:45 ची नोंद आदल्या दिवशी रात्री 11:45 ची होते, म्हणजे आदल्या तारखेत जाते. संध्याकाळी 7:45 ची नोंद त्याच तारखेत राहते. सुट्टीचा दिवस शून्यावर आला.

दुसरी चूक वेगळीच होती. दोन नोंदींमध्ये माग 100 टक्क्यांपेक्षा जास्त चाललेला दिसत होता, आणि ते शक्यच नाही. एका पाळीला 47 मीटर लिहिलं होतं. 48 पिकने ते जवळपास 103 टक्के येतं. विचारल्यावर कळलं की त्या मागावर माल बदलला होता आणि नवा माल 40 पिकचा होता. वहीत वरच्या पाळीचा पिकचा आकडा तसाच खाली उतरवला गेला होता. 40 पिकने पूर्ण क्षमता 54.86 मीटर होते, म्हणजे माग 86 टक्के चालला. त्यानंतर कोडमध्ये एक तपासणी घातली: 100 च्या वर आकडा आला की तो गाळायचा नाही, वेगळ्या यादीत टाकायचा आणि माणसाला दाखवायचा. गाळून टाकला असता तर माल बदलल्याचं कधी कळलंच नसतं.

एवढाच प्रकल्प. पायथनच्या दोनशेच्या आसपास ओळी, एसक्यूलाइटचा डेटाबेस आणि शेवटी मालकांना दिलेला एक पानाचा तक्ता. तो पाहून त्यांनी सात नंबरच्या मागाकडे बोट दाखवलं, कारण त्याची रात्रपाळी दिवसपाळीपेक्षा बरीच मागे होती. त्यापुढे त्यांनी काय केलं हे मला माहीत नाही, म्हणून रेझ्युमेतही ते लिहिलं नाही.

मार्च : गिटहबवर टाकताना झालेली चूक

मालकांना शब्द दिला होता की आकडे बाहेर जाणार नाहीत. पण घाईत पहिल्याच दिवशी सगळा फोल्डर गिटहबवर गेला, खऱ्या नावांच्या फाइलसकट. लक्षात आल्यावर फाइल पुसली आणि परत चढवलं. इथे बरेच जण फसतात. गिट जुनी प्रत इतिहासात जपून ठेवतं, आणि कोणीही मागच्या कमिटवर जाऊन ती फाइल उघडू शकतं. मी पूर्ण रिपॉझिटरी पुसली, `.gitignore` मध्ये `data/` लिहिलं आणि नव्याने सुरुवात केली. मागांना एम1, एम2 अशी नावं दिली आणि नमुन्यादाखल वीस बनावट नोंदी ठेवल्या, म्हणजे कोणालाही कोड चालवून बघता येईल. मालकांनाही ही चूक सांगितली. सांगणं अवघड गेलं, पण त्यांनी समजून घेतलं.

`README.md` मध्ये चार गोष्टी लिहिल्या: प्रश्न काय होता, आकडेवारी कशी गोळा केली, रात्रपाळीच्या तारखेची आणि पिकची अडचण कशी ओळखली, आणि या हिशोबात काय धरलेलं नाही. शेवटच्या भागात लिहिलं की धागा तुटून माग किती वेळ थांबला आणि वीज जाऊन किती, हे वहीत वेगळं नसल्याने सांगता येत नाही. पुढे जिथे बोलावलं तिथल्या सरांनी तोच परिच्छेद आधी वाचला होता.

रेझ्युमे आता एका पानाचा झाला. वर नाव, फोन, ईमेल, गिटहबचा दुवा. मग शिक्षण, त्याखाली शिकलेले विषय. विषयांची नुसती यादी न देता प्रत्येकापुढे प्रयोगशाळेत काय केलं ते अर्ध्या ओळीत लिहिलं. "डेटा स्ट्रक्चर्स" एवढ्यावरून काही कळत नाही. "डेटा स्ट्रक्चर्स : सी मध्ये लिंक्ड लिस्टने ग्रंथालयाची प्रतीक्षा यादी" यावरून प्रश्न विचारता येतो. प्रकल्पाची ओळ आधी "यंत्रमागासाठी उत्पादन व्यवस्थापन प्रणाली विकसित केली" अशी होती. ती बदलून "12 मागांच्या 3 आठवड्यांच्या हस्तलिखित नोंदींवरून (393 नोंदी) पाळीवार कार्यक्षमता काढली, रात्रपाळीच्या तारखेची चूक शोधून दुरुस्त केली" अशी केली. पहिली ओळ मोठी वाटते, पण "प्रणाली" म्हटलं की लोक लॉगिन, बॅकअप, वापरणारे किती असं विचारतात, आणि ते काहीच नव्हतं.

सरासरी गुण 7.4 होते. लपवले नाहीत. गाळले तर सगळे पहिलं तेच विचारतात.

मार्च अखेर ते एप्रिल : अर्ज

एकूण 41 ठिकाणी अर्ज केले. त्यांतले 26 इंटर्नशिपच्या पोर्टलवरून, एआयसीटीईच्या पोर्टलसकट. त्यातून एकच उत्तर आलं. निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा, आठ आठवड्यांनी सर्टिफिकेट मिळेल. मुलाखत न घेता झालेली निवड आणि त्यासाठी मागितलेले पैसे, यांतली एक गोष्ट दिसली तरी तिथे थांबावं. वर्गातल्या दोघांनी पैसे भरले होते. त्यांना सर्टिफिकेट मिळालं, पण काम काही मिळालं नाही, आणि पुढे मुलाखतीत त्याबद्दल बोलताना अडचण झाली.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचीही चौकशी केली, कारण तिथे विद्यावेतन मिळतं असं ऐकलं होतं. पण ती शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. तिथे वेळ घालवू नये.

पुण्यातल्या कंपन्यांना 9 ईमेल पाठवले. दोघांचं उत्तर आलं, दोन्हींत तिसरं वर्ष पूर्ण असण्याची अट. तशीही पुण्याची एक अडचण होतीच. हुतात्मा एक्सप्रेसने मुलाखतीला जाऊन त्याच दिवशी परत येता येतं, पण दोन महिने राहायचं तर खोली आणि मेसचा खर्च दुसऱ्या वर्षाच्या विद्यावेतनात निघत नाही. घरून पैसे मागायचे नव्हते, म्हणून मग सोलापुरावरच लक्ष दिलं.

उरलेले 6 अर्ज स्थानिक. कारखान्यांचे हिशोब ठेवणारी, बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कार्यालयं सोलापुरात आहेत, पण ती पोर्टलवर जागा टाकत नाहीत. त्यांची नावं कारखान्यांच्या बिलावर तळाशी बारीक अक्षरात छापलेली असतात. मला त्यातली चार नावं जॉबरकाकांच्या टेबलावरच्या बिलांवरून मिळाली. त्यांना व्हॉट्सॲपवर हा निरोप पाठवला:

"नमस्कार सर. मी सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 12 यंत्रमागांच्या वहीतल्या नोंदींवरून पाळीवार कार्यक्षमता काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला आहे, दुवा खाली आहे. 2 जून ते 11 जुलै या सहा आठवड्यांत तुमच्याकडे शिकाऊ म्हणून काम करायची इच्छा आहे. पायथन आणि साधं एसक्यूएल येतं, वेब अजून येत नाही. मंगळवारी किंवा गुरुवारी चारनंतर दहा मिनिटं भेटू शकेन का?"

तारखा देणं महत्त्वाचं होतं. "उन्हाळ्यात" म्हटलं की समोरच्याला विचार करावा लागतो आणि उत्तर राहून जातं. "वेब येत नाही" हे लिहावं की नाही यावर बराच विचार केला. लिहिलं ते बरं झालं, कारण ज्यांना फक्त वेबसाइटचं काम करून घ्यायचं होतं त्यांनी लगेच नाही म्हटलं आणि दोघांचाही वेळ वाचला. निरोप सकाळी साडेअकराच्या सुमारास पाठवले. पाच दिवस थांबून एकदाच आठवण केली, दुसऱ्यांदा नाही. सहांपैकी तिघांनी बोलावलं. रेझ्युमेच्या सहा छापील प्रती नेल्या. झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर 10 रुपयांना एक, म्हणजे 60 रुपये. पुढच्या वेळी साध्या कागदावर छापेन, त्याने काही फरक पडला नाही.

पहिल्या ठिकाणी सरळ सांगितलं की सध्या बसायला जागा नाही. दुसऱ्या ठिकाणी दिवसभर जुनी बिलं टाइप करायचं काम होतं. तिथे मी विचारलं, "टायपिंगशिवाय आठवड्यातून एक दिवस तरी कोडचं काम मिळेल का?" ते म्हणाले, "खरं सांगायचं तर नाही." इतकं प्रामाणिक उत्तर मिळालं म्हणून त्यांचे आभार मानले आणि निघाले.

तिसरं ठिकाण : चाचणी आणि मुलाखत

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या कार्यालयाने एक सीएसव्ही फाइल पाठवली. दोन दिवसांत तीतून ग्राहकवार थकबाकी काढायची होती. फाइलमध्ये मुद्दाम घोळ ठेवलेले. काही तारखा दिवस-महिना-वर्ष, काही महिना-दिवस-वर्ष. एकाच ग्राहकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. काही रकमांत स्वल्पविराम. 03-04 ही तारीख 3 एप्रिल की 4 मार्च, हे नुसत्या फाइलवरून ठरवता येत नव्हतं. अशा नोंदी मी वेगळ्या काढल्या आणि त्यांना विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून सोबत जोडले. थकबाकीची बेरीज दोन आकड्यांत दिली: शंका नसलेल्या नोंदींची, आणि शंका असलेल्यांसकट. नंतर कळलं की अंदाजाने तारीख ठरवून एकच आकडा देणारे त्यांनी बाजूला ठेवले होते.

मुलाखत चाळीस मिनिटांची झाली. दोघे सर होते, आणि भाषा मराठीच. पहिली वीस मिनिटं माझ्याच प्रकल्पावर. एक्सेल पुरलं असतं, मग एसक्यूलाइट का? मी म्हटलं, माग आणि पिक यांचे तक्ते वेगळे ठेवायचे होते, म्हणजे माल बदलला की पिक एकाच जागी बदलता येतो. मग त्यांनी विचारलं, दोन जण एकाच वेळी नोंद भरायला लागले तर? इथे मी अडले. उत्तर असं, की एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुसऱ्याला थोडं थांबावं लागतं, आणि फार थांबावं लागलं तर `database is locked` अशी चूक येते. बारा मागांच्या वहीला ते पुरतं, पण दहा टेबलांवरून बिलं निघत असतील तर वेगळा डेटाबेस लागतो. मला हे माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. सरांनी विचारलं, "मग कसं शोधशील?" मी म्हटलं, दोन खिडक्यांतून एकाच वेळी लिहायला लावून काय होतं ते बघेन. त्यांनी लॅपटॉप पुढे केला आणि आम्ही तिथेच ते करून पाहिलं.

दुसरा अडलेला प्रश्न पैशांचा होता. रकमा दशांश अपूर्णांकात साठवल्या तर काय होतं? पायथनमध्ये `0.1 + 0.2` लिहिलं की `0.30000000000000004` येतं, कारण हे आकडे कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. बिलात असं चालत नाही. रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत साठवायची किंवा `Decimal` वापरायचा. हे मी वाचलेलं होतं, पण माझ्या चाचणीच्या कोडमध्ये वापरलं नव्हतं. त्यांनी ते बरोबर पकडलं. घरी येऊन त्याच रात्री ते दुरुस्त करून पाठवलं, सोबत एका ओळीत काय बदललं ते.

त्यानंतर अकरा दिवस काहीच नाही. परीक्षा तोंडावर होती, मन अभ्यासात लागत नव्हतं. बाराव्या दिवशी फोन आला. महिना 5,000 रुपये विद्यावेतन, सहा आठवडे, वेळ सकाळी दहा ते सहा.

मे : कॉलेजची कागदपत्रं

इथे मी एक आठवडा वाया घालवला, म्हणून सविस्तर लिहिते. कॉलेजच्या पत्राशिवाय कंपनी रुजू करून घेत नव्हती, आणि कंपनीचं पत्र आल्याशिवाय कॉलेज पत्र देत नव्हतं. यातून वाट अशी, की आधी कंपनीकडून लेटरहेडवर तात्पुरतं पत्र घ्यायचं. त्यात पाच गोष्टी हव्यात: सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, रोजचे तास, कामाचं स्वरूप एका ओळीत, मार्गदर्शकाचं नाव आणि पद, आणि विद्यावेतन आहे की नाही. माझ्या पहिल्या पत्रात मार्गदर्शकाचं नाव नव्हतं, त्यामुळे ते विभागातून परत आलं.

त्या पत्रासोबत विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, आईवडिलांची सही असलेलं संमतीपत्र, ओळखपत्राची झेरॉक्स आणि मागच्या सेमिस्टरची गुणपत्रिका. अर्ज आधी वर्गशिक्षकांकडे, मग ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागात, मग विभागप्रमुखांकडे जातो. तीन टेबलं आणि प्रत्येक ठिकाणी साधारण दोन दिवस. परीक्षेच्या काळात सर पर्यवेक्षणाला असतात, त्यामुळे सही दुपारी साडेतीननंतरच मिळते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. माझा मूळ अर्ज मधल्या टेबलावर हरवला, शिक्क्याची प्रत होती म्हणून पुन्हा रांग लावावी लागली नाही.

या इंटर्नशिपचे श्रेयांक मिळणार का, हे रुजू व्हायच्या आधी लेखी विचारून घ्यावं. आमच्याकडे रोजची नोंदवही आणि दर आठवड्याला मार्गदर्शकांची सही असेल तरच धरतात. सहा आठवड्यांची वही शेवटच्या दिवशी भरायला बसलं तर काय केलं ते आठवत नाही आणि सगळ्या सह्या एकाच शाईच्या येतात. मी रोज सुटायच्या आधी पाच मिनिटं तीन ओळी लिहीत होते: काय दिलं, काय झालं, कुठे अडलं.

2 जून

पहिल्या दिवशी कोड दिला नाही. होटगी रोडवरच्या एका ग्राहकाकडे बिल छापताना मराठी नावं तुटक येत होती, तिथे एका सरांसोबत पाठवलं. वहीत पहिली नोंद त्याचीच आहे. अडलं कुठे, तर छपाई यंत्रात मराठी फॉन्टच नव्हता. सहा आठवड्यांनी सर्टिफिकेट घेताना नुसतं "इंटर्नशिप पूर्ण केली" असं न लिहिता केलेल्या दोन कामांची नावं त्यात घालायची विनंती केली. मजकूर मीच मराठीत आणि इंग्रजीत टाइप करून नेला होता, सरांनी एक शब्द बदलला आणि सही केली.